मेल लिहिण्याआधी उत्तरपत्रिका उघडा

दिवाळीच्या सुट्टीच्या आगेमागे पहिल्या सत्राचे निकाल हातात पडतात आणि नववीच्या वर्गशिक्षकांकडे एकाच धाटणीचे मेल यायला लागतात. ‘मॅडम, आठवीपर्यंत मुलगा हुशार होता. यंदा गणितात खूपच मार्क कमी झाले आहेत. आम्ही फार काळजीत आहोत. कृपया भेटीची वेळ द्यावी.’ या मजकुरात खोटं काही नसतं, उद्धटपणाही नसतो. फक्त तो वाचून भेटीची तयारी काय करायची, हे शिक्षकांना कळत नाही. मग ठरलेल्या दिवशी पालक येतात, पहिली दहा मिनिटं गुणतक्ता शोधण्यात जातात आणि उरलेल्या पाचांत ‘घरी सराव वाढवा, मोबाइल कमी करा’ एवढं बोलून भेट आटोपते. पालक बाहेर पडतात ते आत गेले तितकेच अनभिज्ञ. फार तर आणखी एक क्लास लावायचा, एवढं मनाशी ठरवून.

ही भेट वाया जाण्याचं कारण बहुतेक वेळा भेटीत नसतं, ते मेलमध्ये असतं. आणि मेल पोकळ का असतो, तर तो लिहिण्याआधी कुणी उत्तरपत्रिका नीट पाहिलेली नसते.

राज्य मंडळाच्या शाळेतलं नववीचं एक नमुन्यादाखल उदाहरण घेऊ. मुलगा मराठी माध्यमाचा. आठवीच्या प्रगतिपुस्तकात गणिताला ब-१ श्रेणी, म्हणजे ७१ ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यात. नववीच्या पहिल्या सत्रात गणितात १०० पैकी ५१. घरात सुतकी वातावरण. बाबांचं म्हणणं, क्रिकेटमुळे झालं. आजीचं म्हणणं, मोबाइलमुळे. मुलाचं म्हणणं, ‘पेपर अवघड होता, सगळ्यांनाच कमी पडलेत.’

आधी या घसरणीचं खरं माप घ्यायला हवं. आठवीपर्यंतचं मूल्यमापन आणि नववीचं मूल्यमापन या वेगळ्या गोष्टी आहेत. राज्यात २०१० पासून आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या पद्धतीत सातवी-आठवीला शंभरातले ४० गुण आकारिक मूल्यमापनाचे आणि ६० संकलित मूल्यमापनाचे धरले जातात. आकारिकमध्ये दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम, स्वाध्याय अशी साधनं येतात. वही पूर्ण ठेवणाऱ्या, वर्गात हात वर करणाऱ्या मुलाला तिथे चांगले गुण मिळतात, आणि ते मिळायलाच हवेत. नववीत मात्र गणिताची मांडणी दहावीसारखी होते : भाग १ बीजगणित ४० गुण, भाग २ भूमिती ४० गुण, अंतर्गत मूल्यमापन २०. शंभरातले ८० गुण कागदावर लिहून मिळवायचे असतात. त्यामुळे ब-१ वरून ५१ वर आलेल्या मुलाची साधारण पंचवीस गुणांची घसरण पूर्णपणे त्याची नसते. त्यातली काही मोजपट्टी बदलल्याची असते. ती किती हे आकड्यात सांगता येत नाही, पण ‘मुलगा अचानक बिघडला’ या निष्कर्षावर उडी मारण्याआधी हा फरक ध्यानात घ्यायला हवा.

आता ५१ हा आकडा फोडून पाहू. बीजगणितात ४० पैकी २४, भूमितीत ४० पैकी ११, अंतर्गतला २० पैकी १६. पहिल्या घटक चाचणीत बीजगणितात २० पैकी १३ आणि भूमितीत २० पैकी ९ होते. म्हणजे बीजगणित ६५ टक्क्यांवरून ६० वर आलं. ही काही घसरण म्हणण्याजोगी गोष्ट नाही. भूमिती मात्र ४५ टक्क्यांवरून थेट साडेसत्तावीसवर आली. अंतर्गतच्या १६ गुणांनी बेरीज पन्नाशीपार नेली आणि खरा प्रकार झाकून टाकला. ‘गणितात मार्क कमी झाले’ हे वाक्य इथेच चुकीचं ठरतं. हा मुलगा गणितात घसरलेला नाही, तो भूमितीत अडकलेला आहे. बरं, या दोन गोष्टींवरचे उपायही निराळे आहेत.

यापुढची पायरी बहुतेक पालक गाळतात. उत्तरपत्रिका सहीसाठी घरी येते तेव्हा सही करून ती परत जाते. मिळालेले गुण सगळे पाहतात, गेलेले गुण कुणी मोजत नाही. भूमितीचे २९ गुण गेले, ते कुठे गेले? कोरा कागद घ्यावा, मुलाला शेजारी बसवावं आणि न रागावता प्रत्येक गेलेला गुण चारांपैकी एका कप्प्यात टाकावा : प्रश्न सोडून दिला, सिद्धता अर्धवट किंवा चुकीची, रचना चुकली, आकडेमोड चुकली. अर्धा तास पुरतो. या मुलाच्या बाबतीत हिशेब असा निघाला : सोडून दिलेल्या प्रश्नांचे १२, सिद्धतेचे ९, रचनेचे ५, आकडेमोडीचे ३. ज्याला ‘निष्काळजीपणा’ म्हणता येईल, त्यात २९ पैकी जेमतेम तीन गुण गेले होते.

सिद्धतेचा एक प्रश्न जवळून पाहण्यासारखा आहे. चौकोन ABCD मध्ये AB आणि CB समान, AD आणि CD समान. कोन A आणि कोन C समान आहेत हे सिद्ध करा. मुलाने कर्ण BD बरोबर काढला, म्हणजे कल्पना सुचली होती. पुढे त्याने लिहिलं, ‘दोन्ही त्रिकोण एकरूप आहेत, म्हणून कोन A = कोन C.’ तीनपैकी एक गुण. घरच्यांना वाटलं, सरांनी हात आखडता घेतला, उत्तर तर बरोबर आहे. पण भूमितीच्या सिद्धतेत उत्तर प्रश्नातच दिलेलं असतं, गुण असतात ते तिथवर पोचण्याच्या कारणांना. AB = CB आणि AD = CD (पक्ष), BD = BD (सामाईक बाजू), म्हणून बाबाबा कसोटीने त्रिकोण एकरूप, आणि म्हणून संगत कोन एकरूप : ही कंसातली कारणंच त्याने लिहिली नव्हती. दुसऱ्या एका प्रश्नात तर त्याने चक्क ‘बाबाको’ कसोटी लावली होती. अशी कसोटी नाहीच. बाकोबामध्ये कोन दोन बाजूंच्या मधलाच असावा लागतो. कसोट्यांची नावं त्याने तालावर पाठ केली होती, पण मधलं अक्षर मध्येच का असतं हा प्रश्न त्याला पडलेला नव्हता.

रचनेचंही तसंच. पाया, पायालगतचा एक कोन आणि उरलेल्या दोन बाजूंची बेरीज दिलेली असताना त्रिकोण काढायचा, हा नववीतला ठरलेला प्रकार. त्यात बेरजेइतकी लांबी किरणावर घेऊन, ते टोक पायाच्या दुसऱ्या टोकाला जोडून, त्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढावा लागतो. मुलाने पट्टी मागेपुढे सरकवत शिरोबिंदू अंदाजाने बसवला. त्रिकोण दिसायला ठीक होता, पण कंपासाचा एकही कंस कागदावर नव्हता आणि कच्ची आकृतीही नव्हती.

एवढं कळल्यावर मेल आपोआप लिहिला जातो. तो साधारण असा असेल :

विषय : भूमितीतील (गणित भाग २) गुणांबाबत भेटीची विनंती – इयत्ता ९ वी ब, हजेरी क्रमांक २३

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

प्रथम सत्र परीक्षेत माझ्या मुलाला बीजगणितात ४० पैकी २४ आणि भूमितीत ४० पैकी ११ गुण मिळाले आहेत. पहिल्या घटक चाचणीत भूमितीत २० पैकी ९ होते. इतर विषयांत विशेष फरक नाही.

आम्ही त्याच्याबरोबर बसून उत्तरपत्रिका पाहिली. भूमितीत गेलेल्या २९ गुणांपैकी १२ गुणांचे प्रश्न त्याने सोडवलेलेच नाहीत आणि ९ गुण सिद्धतेत, मुख्यतः कारणे न लिहिल्यामुळे गेले आहेत. प्रमेय वाचताना कळते, पण स्वतः लिहायला कुठून सुरुवात करायची ते सुचत नाही, असे तो सांगतो. ऑगस्टमध्ये तापामुळे तो आठ दिवस गैरहजर होता. त्याच दिवसांत ‘त्रिकोण’ हे प्रकरण सुरू झाले होते, असे त्याच्या वहीवरून दिसते.

आम्हाला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत : भूमितीच्या तासाला तो वर्गात कसा असतो, आणि मागे राहिलेला भाग नेमका कुठून धरावा. शक्य झाल्यास गणिताच्या सरांनाही पंधरा मिनिटे थांबता येईल का? उत्तरपत्रिका शाळेत परत दिली आहे. भेटीत ती समोर असली तर बरे होईल.

सोमवार ते शुक्रवार दुपारी साडेबारानंतर किंवा शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही येऊ शकतो. आपल्या सोयीची वेळ कळवावी, ही विनंती.

आपली नम्र,
(पालकाचे व विद्यार्थ्याचे नाव, मोबाइल क्रमांक)

मेल वाचायला दोन मिनिटंही लागत नाहीत, पण त्यातल्या प्रत्येक ओळीला काम आहे. विषयाच्या ओळीत वर्ग, तुकडी आणि हजेरी क्रमांक आहे, कारण वर्गशिक्षक गुणतक्ता हजेरी क्रमांकानेच उघडतात. गुण दोन परीक्षांचे दिले आहेत, म्हणजे एक वाईट दिवस की सुरू झालेली उतरण, हे शिक्षकांना लगेच दिसतं. गैरहजेरीची ओळ तर सोन्यासारखी आहे. वर्गशिक्षकांकडे हजेरीपट असतो, ते तारखा ताडून पाहू शकतात. मुलाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत आलं आहे. आणि मागणी मोठी नाही, पंधरा मिनिटांची आहे.

जे लिहिलेलं नाही तेही पाहण्यासारखं आहे. ‘सर नीट शिकवत नाहीत’ असं कुठेही नाही, शेजारच्या मुलाचे गुण नाहीत, क्लासच्या सरांचं मत नाही आणि मुख्याध्यापकांना प्रत पाठवलेली नाही. पहिल्याच मेलची प्रत वरती गेली की वर्गशिक्षक सावध होतात आणि मदतीऐवजी खुलासा देतात. हा मनुष्यस्वभाव आहे, त्याला शिक्षक अपवाद कसे असतील? मेल पाठवण्याआधी मुलाने तो वाचलेला असावा, हेही महत्त्वाचं. चौदा वर्षांच्या पोराला आपल्या पाठीमागे आपल्याबद्दल पत्रव्यवहार झाल्याचं स्टाफरूमच्या दारात कळलं, तर पुढच्या उत्तरपत्रिका घरी येतीलच याची खात्री नाही.

वर्गशिक्षकांनाच का लिहायचं, थेट गणिताच्या सरांना का नाही, असा प्रश्न पालक विचारतात. विषयशिक्षकांकडे चार-पाच तुकड्या असतात, त्यांना त्या मुलाचं फक्त गणित दिसतं. बाकीचे विषय, हजेरी, बाकावरची जागा, मधल्या सुट्टीतली संगत या गोष्टी वर्गशिक्षकांना माहीत असतात. शिवाय विषयशिक्षकांना बोलावणं वर्गशिक्षकांकडून गेलं तर ते तक्रारीसारखं वाटत नाही. सगळ्या शाळांत मेलची पद्धत नसते, हेही खरं. अशा ठिकाणी हाच मजकूर शाळेच्या डायरीतल्या पालकांच्या पानावर चार ओळींत लिहिता येतो किंवा कागदावर लिहून मुलाबरोबर देता येतो. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र एक अक्षरही टाकू नये. तिथे ‘आमच्याकडेही सेम’ असे वीस अंगठे येतात आणि एका मुलाच्या भूमितीचं सार्वजनिक आंदोलन होतं.

वेळेचंही भान हवं. परीक्षेचा आणि पेपर तपासणीचा आठवडा टाळावा. निवडणुकीची किंवा सर्वेक्षणाची कामं गळ्यात पडली की शिक्षक शाळेतच सापडत नाहीत, तो काळही टाळावा. तीन-चार कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही, तर त्याच मेलवर दोन ओळींची आठवण पुरते. त्यानंतरही काही झालं नाही तर शाळेच्या कार्यालयात फोन करून वेळ मागावी. शाळेच्या फाटकावर सुटण्याच्या वेळी बाईंना गाठण्याचा मोह आवरावा. तिथे दुसरे दहा पालक कान देऊन उभे असतात.

प्रत्यक्ष भेटीत एक गोष्ट हमखास घडते. शिक्षक म्हणतात, ‘त्याचं लक्षच नसतं.’ पालकांचा चेहरा पडतो आणि संवाद संपतो. हे वाक्य आलं की त्याला तारीख आणि ठिकाण विचारावं. लक्ष नसतं ते पहिल्यापासून की ऑगस्टनंतर? बीजगणिताच्या तासाला पण नसतं का? फळ्यावरची आकृती तो वहीत उतरवतो का? आपल्या उदाहरणातल्या मुलाची वही उघडली तर जुलैपर्यंतच्या आकृत्या नेटक्या, नामनिर्देशनासह. आठ दिवसांच्या खाड्यानंतर सिद्धता आहेत, पण त्या मित्राच्या वहीतून सलग उतरवलेल्या, एकही खाडाखोड नसलेल्या. खाडाखोड नसलेली भूमितीची वही ही चांगली खूण नव्हे. स्वतः विचार करून सिद्धता लिहिणारा मुलगा एखादी ओळ तरी खोडतोच.

आणि इथे क्लासचा विषय निघतो. शाळेत ‘त्रिकोण रचना’ चालू असते तेव्हा क्लासमध्ये ‘वर्तुळ’ सुरू झालेलं असतं. मुलगा दोन्हीकडे अर्धा असतो. काही क्लासमध्ये वेळ वाचवायला सिद्धता तोंडी सांगून फक्त उदाहरणं सोडवून घेतात. कारणं लिहिण्याची सवय तिथेच मोडते. भेटीत हे स्पष्टपणे, कुणाला दोष न देता सांगावं आणि गणिताच्या सरांना विचारावं की पुढचे दोन महिने क्लास शाळेच्या मागे चालला तर चालेल का. बहुतेक सर याला हो म्हणतील. क्लासवाल्यांना ते पटवणं हे वेगळं काम, आणि ते पालकांचंच.

भेटीतून निघावं काय? या मुलासाठी असं ठरू शकतं : ‘समांतर रेषा’ आणि ‘त्रिकोण’ ही दोन प्रकरणं मागे जाऊन पुन्हा करायची, पुढचं सगळं त्यावर उभं आहे म्हणून. रोज एकच सिद्धता, पुस्तक मिटून, पक्ष-साध्य-सिद्धता अशा तीन भागांत आणि प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण. पहिले पंधरा दिवस सरांनी आठवड्यातून एकदा वही पाहून फक्त कारणांवर खूण करायची. रचना कंपास-पट्टीने, कंस न पुसता. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी वर्गशिक्षकांना तीन ओळींचा आभाराचा मेल जावा आणि त्यात ठरलेल्या गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. शिक्षकांकडे असे अनेक पालक येतात. लिहिलेलं राहतं, बोललेलं विसरलं जातं.

सुधारणा होतेय की नाही, हे एकूण गुणांवरून लगेच कळणार नाही. दुसऱ्या घटक चाचणीत भूमितीत २० पैकी ९ चे ११ झाले तर घरच्यांना ते क्षुल्लक वाटेल. पुन्हा तेच चार कप्पे मांडावेत. सोडून दिलेल्या प्रश्नांचा कप्पा जवळपास रिकामा झाला असेल, तर गाडी रुळावर आहे. मुलगा आता प्रश्नाला हात घालतो आहे, चुकतो आहे, आणि चुका दुरुस्त करता येतात. उलट गुण वाढले, पण सोडून दिलेले प्रश्न तेवढेच राहिले, तर या वेळी पेपर सोपा होता एवढाच त्याचा अर्थ.

प्रत्येक घसरणीचं मूळ न शिकलेल्या प्रकरणातच असतं असं नाही. याच वयात अनेक मुलांना लांबचं धूसर दिसायला लागतं आणि ती ते बोलत नाहीत. भूमितीत फळ्यावरच्या आकृतीतली अक्षरं दिसली नाहीत तर सगळंच बुडतं. बाक मागचा असेल तर डोळे आधी तपासावेत. सेमी-इंग्रजीच्या मुलांची गोष्ट आणखी वेगळी असते. त्यांना त्रिकोण कळतो, पण प्रश्नाची इंग्रजी ओळ कळत नाही. त्याची परीक्षा सोपी आहे : तोच प्रश्न मराठीत सांगून बघावा. तो सुटला तर अडचण गणिताची नाही. अध्ययन अक्षमतेची शंकाही काही पालकांच्या मनात येते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात तिचा समावेश आहे आणि अधिकृत वैद्यकीय प्रमाणपत्र असेल तर मंडळाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळतात. पण तिच्या खुणा प्राथमिक वर्गांपासून दिसतात. बीजगणितात ६० टक्के मिळवणारा मुलगा फक्त नववीच्या भूमितीत अडकला, तर ते कारण सहसा नसतं. पहिलीपासून अंकांची उलटापालट आणि पाढ्यांशी झुंज चालू असेल, तर मात्र मेलमध्ये तसं लिहावं आणि शाळेच्या समुपदेशकांना भेटीत बसवावं.

या सगळ्याचा करिअरशी संबंध काय? पालकांची खरी भीती तीच असते, बोलताना फक्त ती ‘मार्क’ या शब्दामागे दडते. तेव्हा तिच्याकडे सरळ पाहावं. दहावीच्या भूमितीत समरूपता, पायथागोरसचं प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन आहे. यातलं जवळपास सगळं नववीच्या ‘समांतर रेषा’ आणि ‘त्रिकोण’ यांच्या पायावर आहे. त्यामुळे नववीच्या दिवाळीत ही गाठ सोडवणं स्वस्त पडतं. दहावीच्या डिसेंबरात तीच गाठ फार महाग पडते.

राज्य मंडळात दहावीची टक्केवारी ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ पद्धतीने काढली जाते. सहा विषयांतले सर्वांत चांगले पाच धरले जातात. म्हणजे गणितात ५० आणि बाकी विषयांत ८५ असणाऱ्या मुलाची टक्केवारी ८५ दिसते. त्या आकड्यावर विज्ञान शाखेत प्रवेश मिळतोही. पण अकरावीच्या सुरुवातीलाच त्रिकोणमिती समोर येते तेव्हा टक्केवारीतून बाजूला पडलेलं गणित परत दारात उभं राहतं. अभियांत्रिकीसाठीच्या एमएचटी-सीईटीत २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताला आहेत, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राला प्रत्येकी ५०. तिथे ‘बाकी विषयांत भरून काढू’ चालत नाही.

याची दुसरी बाजूही पालकांना सांगायला हवी. भूमितीत ११ आले म्हणून मुलाची सीए होण्याची वाट बंद होत नाही. वाणिज्य शाखेला लागतं ते गुणोत्तर-प्रमाण, अर्थनियोजन, सांख्यिकी, आणि हे सगळं नववीच्या भाग १ मध्ये आहे, जिथे हा मुलगा ठीक आहे. उलट ज्याला आर्किटेक्चर किंवा यंत्र अभियांत्रिकीची पदविका खुणावते आहे, त्याने बीजगणितातल्या चांगल्या गुणांवर निश्चिंत राहू नये. आकृती मनात फिरवता येणं ही त्या क्षेत्रांची रोजची गरज आहे. म्हणून गणिताचा एकच गुण पाहून शाखा ठरवणं चूक, आणि नववीच्या पहिल्या सत्राच्या निकालावर कलचाचणीला पळणं तर घाईच. आधी भूमितीचं कोडं सुटू दे. त्यानंतर जे नावडतं उरेल, त्याला नावड म्हणावं. आता जे आहे ते आठ दिवसांच्या तापाचं आणि एका प्रकरणाचं देणं असू शकतं.

सुट्टीनंतर शाळा उघडते आणि दुसरी घटक चाचणी येते, यांत साधारण दोन-अडीच महिने मिळतात. दोन प्रकरणं मागे जाऊन करायला तेवढे पुरतात. तेव्हा उत्तरपत्रिका सहीसाठी घरी येईल त्याच दिवशी तिचे भूमिती-बीजगणिताचे गुण आणि गेलेल्या गुणांचे कप्पे वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, आणि शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्याची गडबड ओसरली की मेल पाठवा.